ताप नसलेला न्यूमोनिया

गेल्या हिवाळ्यात रामदासपेठेतील माझ्या दवाखान्यात अडुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांना त्यांचा मुलगा आणि सून घेऊन आले. "बाबा कालपासून असंबद्ध बोलतात, जेवत नाहीत," एवढीच तक्रार होती. ताप नव्हता, खोकलाही किरकोळ. मात्र पूर्ण मिनिटभर मोजल्यावर श्वास 32 भरले आणि ऑक्सिजन 89 टक्के होता. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला.

दारूविषयी विचारताच मुलगा म्हणाला, "कधीतरी घेतात." निघताना सुनेने हळूच सांगितले, "डॉक्टर, रोज रात्री तीन-चार पेग. वीस वर्षे झाली."

आजाराचे मूळ तिथे होते. आपल्या श्वासमार्गावर तीन पहारे असतात. पहिला खोकल्याचा. दारूच्या गुंगीत तो सुस्तावतो आणि तोंडातील जंतूंसह लाळ किंवा उलटीचा अंश श्वासनलिकेत उतरतो. उजवी शाखा अधिक रुंद व सरळ असल्याने तो बहुधा उजव्या फुप्फुसात जातो. दुसरा पहारा श्वासनलिकेतील केसांसारख्या सूक्ष्म तंतूंचा. ते कफ वर ढकलतात. दीर्घकाळच्या मद्यपानाने त्यांची हालचाल मंदावते. तिसरा पहारा जंतू गिळणाऱ्या पेशींचा. त्या दुबळ्या होतात आणि मदतीला धावणाऱ्या पांढऱ्या पेशीही उशिरा पोहोचतात. याच कारणाने अतिमद्यपींना क्षयाचा धोकाही वाढतो. उतारवयात आधीच मंदावलेली प्रतिकारशक्ती अशी आणखी खचली, की जंतुसंसर्ग असूनही ताप चढत नाही.

सुनेचे ते वाक्य मी रुग्णालयाच्या चिठ्ठीत लिहिले. दुसऱ्या रात्री रुग्णाचे हात थरथरू लागले, भास होऊ लागले. दारू अचानक थांबल्याचा हा परिणाम होता. माहिती हाती असल्याने तिथल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकांसोबत त्यावरील औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व वेळीच दिले. ती दडवली असती, तर हा भ्रम न्यूमोनियाचाच समजला गेला असता. अकराव्या दिवशी ते घरी परतले.

घरात असे ज्येष्ठ असतील, तर ते शांत बसलेले असताना मिनिटभर श्वास मोजावेत. ते 24 पेक्षा अधिक असतील, नव्याने गोंधळलेपणा आला असेल, किंवा फुप्फुसाचा जुना विकार नसताना ऑक्सिजन 94 च्या खाली गेला असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुंगीतील माणसाला पाणी किंवा अन्न भरवू नये, कुशीवर निजवावे. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. न्यूमोनियाची आणि दरवर्षी फ्लूची लस घेण्याविषयीही त्यांना विचारावे.

आणि डॉक्टरांनी विचारल्यावर किती पेग, किती वर्षे, हे लाज न बाळगता सांगावे. त्या सुनेने सांगितले, म्हणून तिचे सासरे आज समोरच्या खुर्चीत बसून माझ्याशी बोलतात.