शंभराला अडीचशे, हजाराला पाचशे

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी छपाईच्या दुकानात जाऊन व्हिजिटिंग कार्डांचा दर विचारा. शंभर कार्डांचे अडीचशे रुपये आणि हजाराचे पाचशे, अशा धर्तीचं उत्तर मिळतं. म्हणजे कार्डं दहापट आणि पैसे फक्त दुप्पट. गिऱ्हाइकाच्या मनात लगेच दोन शंका येतात. एक तर शंभराला आपल्याला लुटताहेत, नाही तर हजाराला कागद हलका देताहेत. बहुतेक वेळा दोन्ही शंका खोट्या असतात. शंभर कार्डं आणि हजार कार्डं वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या पद्धतीनं छापली जातात, आणि दरातला फरक तिथूनच येतो.

छपाईच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक भाग छपाई सुरू होण्याआधीच खर्च होतो. मग पुढे एक प्रत काढा की लाख. दुसरा भाग प्रत्येक प्रतीबरोबर वाढतो: कागद, शाई आणि यंत्राचा थोडा वेळ. पहिला भाग किती मोठा आहे आणि तो किती प्रतींमध्ये वाटला जातो, यावर तुमच्या एका कार्डाची किंमत ठरते.

ऑफसेट यंत्रावर हा पहिला भाग मोठा असतो. रंगीत कामासाठी सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया लागतात, आणि प्रत्येक शाईसाठी ॲल्युमिनियमची स्वतंत्र प्लेट बनवावी लागते. मशीनमन या प्लेटा सिलिंडरवर चढवतो, शाई आणि पाण्याचं प्रमाण साधतो आणि चारही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत कागद सोडत राहतो. या जुळवाजुळवीत शंभरेक कागद सहज रद्दीत जातात. पुढे पाचशे कागद छापायचे असोत की पाच हजार, हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. म्हणूनच छापखान्यात छपाईचा दर हजारावर सांगतात. अडीचशे कागद छापले तरी पहिल्या हजाराचे पैसे लागतात.

डिजिटल यंत्रावर प्लेट नाही. फाइल संगणकातून थेट यंत्रात जाते आणि पहिलाच कागद बहुधा कामाचा निघतो. तयारी म्हणजे फाइल तपासणं, कार्डांची कागदावर मांडणी करणं आणि शेवटी कटिंगसाठी गठ्ठा लावणं, एवढीच. मात्र इथे प्रत्येक कागदाचा खर्च जास्त. टोनर महाग असतो, आणि यंत्र भाड्याचं किंवा देखभालीच्या करारावर असेल तर कंपनी दर छापील कागदामागे पैसे लावते. पाचशेवा कागदही पहिल्याइतकाच महाग पडतो.

एक हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. पण खर्चांचं आपसातलं प्रमाण साधारण असंच असतं. कार्ड साडेतीन बाय दोन इंचाचं, तीनशे जीएसएमच्या आर्ट कार्डवर, एका बाजूनं रंगीत.

डिजिटल यंत्राच्या बारा बाय अठरा इंचाच्या कागदावर अशी चोवीस कार्डं बसतात. छापील कागद वीस रुपयांना आणि तयारी, कटिंग मिळून दीडशे रुपये धरू. शंभर कार्डांना पाच कागद लागतात, म्हणजे शंभर रुपये. त्यात दीडशे मिळवले की अडीचशे होतात आणि कार्ड अडीच रुपयांना पडतं. यातला दीड रुपया निव्वळ तयारीचा असतो. पाच कागदांवर खरं तर एकशेवीस कार्डं बसतात, तेव्हा शंभराऐवजी एकशेवीस मागायला हरकत नाही. बरेच दुकानदार ती त्याच पैशात देतात, कारण कागद छापून झालेलाच असतो. हजार कार्डांना बेचाळीस कागद, म्हणजे आठशे चाळीस अधिक दीडशे, असे नऊशे नव्वद रुपये होतात. कार्डाची किंमत अडीच रुपयांवरून रुपयावर आली. पण इथून पुढे ती फारशी उतरत नाही, कारण वाटून घ्यायला तयारीचे दीडशेच रुपये होते.

आता हेच काम एकट्यानं ऑफसेटवर करू. एका मोठ्या कागदावर चाळीस कार्डं बसतात असं धरलं, तर हजार कार्डांना पंचवीसच कागद पुरतात. चार प्लेटा आणि चार रंगांच्या पहिल्या हजाराची छपाई मिळून तीन हजार रुपये. कागद आठ रुपयांना धरला तर जुळवाजुळवीतल्या शंभर कागदांसकट आणखी हजार. म्हणजे पंचवीस चांगल्या कागदांसाठी शंभर कागद रद्दी आणि एकूण खर्च चार हजार. कार्ड चार रुपयांना पडलं. हजार कार्डांसाठी असा उद्योग कोणीच करत नाही.

मग हजाराचे पाचशे कसे होतात? शेअर रिक्षासारखे. कार्डं छापणारे घाऊक छापखाने गावोगावच्या दुकानांकडून फाइली गोळा करतात, चाळीस गिऱ्हाइकांची चाळीस वेगवेगळी कार्डं एकाच मोठ्या कागदावर मांडतात आणि तो कागद हजार वेळा छापतात. याला गँग प्रिंटिंग म्हणतात. तीन हजारांची तयारी चाळीस जणांत वाटली जाते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तर रुपये येतात. रद्दीसकट अकराशे कागदांचे आठ हजार आठशे रुपये होतात, वाट्याला दोनशे वीस. कटिंगचे सहाशे धरले तर वाट्याला पंधरा. असे हजार कार्डांचे तीनशे दहा रुपये झाले. तुमच्या गावचा दुकानदार फाइल नीट करतो, छापील माल मागवतो, स्वतःचा नफा धरतो आणि तुम्हाला पाचशे सांगतो.

या मांडणीतून दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, गँगमध्ये पाचशे कार्डांचा दर निम्मा का नसतो. सगळा कागद हजार वेळाच यंत्रातून जाणार असतो. त्यावरचा तुमचा चौकोन पाचशे फेऱ्यांनंतर कोरा ठेवता येत नाही. दुसरी, हजारावरून दोन हजारांवर गेलं की पुन्हा तशी मोठी सूट का मिळत नाही. दोन हजार कार्डांसाठी तुमची फाइल कागदावर दोन ठिकाणी बसते, म्हणजे तीनशे दहा दोनदा लागतात. तयारीचा वाटा आधीच पंचाहत्तरवर आला होता. आता उरलेला खर्च मुख्यतः कागदाचा आहे, आणि कागद दुप्पट लागला तर पैसेही दुप्पट लागणार. दुकानदार आपल्या नफ्यातून पन्नास-शंभर सोडेल, तेवढंच.

डिजिटल आणि गँग यांची गाठ कुठे पडते तेही याच आकड्यांवरून काढता येतं. गँगचे पाचशे ठरलेले. डिजिटलमध्ये तयारीचे दीडशे वजा केले की साडेतीनशे उरतात, त्यात सतरा कागद येतात, म्हणजे चारशे आठ कार्डं. चारशेच्या आत डिजिटल स्वस्त, त्यावर गँग.

स्वस्ताईची किंमत रंगात मोजावी लागते. ऑफसेट यंत्रात शाई कागदाच्या रुंदीत पट्ट्यापट्ट्यांनी कमी-जास्त करतात. तुमच्या कार्डाच्या पट्ट्यात शेजाऱ्याचं गडद लाल कार्ड आलं, तर त्याच्यासाठी वाढवलेली मॅजेंटा तुमच्या फिक्या पिवळ्यातही उतरते. पुढच्या खेपेला शेजारी वेगळा, म्हणून रंगही थोडा वेगळा. त्यामुळे गँगचे छापखाने रंग हुबेहूब जुळण्याची हमी देत नाहीत. कंपनीच्या बोधचिन्हाचा रंग नेमकाच हवा असेल, तर जास्त पैसे मोजून स्वतंत्र काम किंवा डिजिटल घ्यावं. रंग एकमेकांवर नीट बसले नसतील तर तेही डोळ्यांना दिसतं. बारीक अक्षरांच्या कडेला लालसर किंवा निळसर सावली येते, गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं भरून जातात. म्हणून पत्ता आणि फोन नंबर फक्त काळ्या शाईत ठेवायला सांगावं. एकाच प्लेटेवरून येणाऱ्या अक्षराला जुळायची गरजच नसते.

झेरॉक्सच्या गठ्ठ्यांनाही हाच नियम लागू होतो. पण इथे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. झेरॉक्सला तयारी जवळपास शून्य, समजा प्रत रुपयाला. शाळा आणि क्लासवाले वापरतात त्या डुप्लिकेटर यंत्रावर प्रत्येक मूळ पानाचा आधी एक मास्टर बनतो. तो चाळीस रुपयांना आणि पुढची प्रत कागदासकट साठ पैशांना धरू. दर प्रतीमागे चाळीस पैसे वाचतात, म्हणजे शंभर प्रतींना मास्टर वसूल होतो.

एका क्लासला एका पानाची जाहिरात सहाशे प्रतींत हवी आहे. झेरॉक्सला सहाशे रुपये लागतील, डुप्लिकेटरला चाळीस अधिक तीनशे साठ, असे चारशे. त्याच क्लासला वीस पानांच्या नोट्स तीस मुलांसाठी हव्या आहेत. छापील पानं पुन्हा सहाशेच, पण आता मास्टर वीस लागतील. त्यांचे आठशे आणि प्रतींचे तीनशे साठ, मिळून अकराशे साठ. झेरॉक्स मात्र सहाशेच. एकूण पानं सारखी असली तरी तयारीचा खर्च मूळ पानागणिक लागतो. म्हणून दुकानात ‘सहाशे पानं’ असं सांगू नये. मूळ पानं किती आणि प्रत्येकाच्या प्रती किती, हे वेगवेगळं सांगावं.

प्रती कितीही वाढवल्या तरी दर एका पातळीखाली जात नाही. ती पातळी कागदाची. ए-फोरची पाचशे कागदांची रिम अडीचशे रुपयांना असेल, तर कोरा कागदच पन्नास पैशांना पडतो. चाळीस पैशांत छापून देतो असं कोणी म्हणालं, तर कागद पातळ आहे, आकार लहान आहे किंवा पाठपोट छपाईत एका बाजूचा दर सांगितला जातोय, असं समजावं.

नावं वेगवेगळी असली तरी हाच घोळ होतो. पाच कर्मचाऱ्यांची दोनशे-दोनशे कार्डं मिळून हजार झाली, तरी गँगच्या लेखी ती पाच वेगळी कामं असतात आणि प्रत्येकाचे पाचशे लागतात. डिजिटलवर मात्र ती पाचही नावं एकाच खेपेत, जवळपास एकाच तयारीत निघतात.

तेव्हा दर विचारताना नगाचा भाव शेवटी विचारा. आधी आपल्याला वर्षभरात खरोखर किती कार्डं लागतात याचा अंदाज घ्या. पन्नास पैशांना पडलेली हजार कार्डं घेऊन दोनशे वाटली आणि फोन नंबर बदलला, तर वाटलेलं प्रत्येक कार्ड अडीच रुपयांनाच पडलं. शंभराचा दर यापेक्षा महाग नव्हता.