आधी गेमची यादी, मग मशीन

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गेम १७ सप्टेंबर २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला. कॉम्प्युटरवर तो यायला एप्रिल २०१५ उजाडला. त्याच रॉकस्टार कंपनीच्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या बाबतीतही तेच झालं. कन्सोलवाल्यांना तो ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाला, पीसीवाल्यांना वर्षभरानंतर. आता ज्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची जगभर वाट पाहिली जाते, तोही कंपनीने प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोन कन्सोलसाठीच जाहीर केला आहे. म्हणजे ज्या मुलाला हा एकच गेम पहिल्या दिवशी खेळायचा आहे, त्याच्यासाठी दोन लाखांचा गेमिंग पीसीही कुचकामी ठरू शकतो.

बारावीनंतर किंवा दिवाळीच्या खरेदीच्या वेळी घरात जेव्हा ‘पीएस५ घ्यायचा की गेमिंग पीसी?’ हा वाद सुरू होतो, तेव्हा बोलणं बहुधा ताकदीवर आणि किमतीवर येतं. कोणतं ग्राफिक्स कार्ड, किती जीबी रॅम, कितीला पडेल. पण कोणते गेम खेळायचे हे कागदावर लिहून काढलं, तर हा वाद बराचसा मिटतो. कारण गेमचे काही ठळक गट आहेत आणि प्रत्येक गटाची मशीनकडून अपेक्षा वेगळी आहे.

पहिला गट मोठ्या कथानकाच्या गेमचा. भव्य देखावे, सिनेमासारखे प्रसंग, एकट्याने वीस-तीस तास रमून खेळायचं. ‘गॉड ऑफ वॉर’, ‘स्पायडरमॅन’, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ ही त्यातली गाजलेली नावं. हे तिन्ही गेम सोनीच्या प्लेस्टेशनसाठी बनले आणि पुढे पीसीवरही आले, पण बऱ्याच उशिराने. ‘गॉड ऑफ वॉर’ प्लेस्टेशन ४ वर एप्रिल २०१८ मध्ये आला आणि पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये. त्याचा पुढचा भाग ‘रॅग्नारोक’ पीसीवर यायला जवळपास दोन वर्षं लागली. काही गेम तर पीसीवर आलेलेच नाहीत. ‘ग्रान टुरिस्मो ७’ ही मोटारशर्यत किंवा लहान-थोरांना सारखाच आवडणारा ‘ॲस्ट्रो बॉट’ खेळायचा असेल, तर प्लेस्टेशनला पर्याय नाही. मायक्रोसॉफ्टचं धोरण याच्या उलट आहे. ‘फोर्झा होरायझन ५’सारखे त्यांचे गेम एक्सबॉक्स आणि पीसीवर एकाच दिवशी येतात. त्यामुळे ज्याच्याकडे चांगला पीसी आहे, त्याला वेगळा एक्सबॉक्स घेण्याचं फारसं कारण उरत नाही. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन हवे असतील, तर निन्टेंडोचंच मशीन लागतं. भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नसल्याने ते आयात माल विकणाऱ्या दुकानदाराकडून घ्यावं लागतं आणि वॉरंटीची खात्री त्याच्या शब्दावरच राहते.

दुसरा गट माऊस आणि कीबोर्डचा. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ हे गेम फक्त कॉम्प्युटरवर आहेत. ‘व्हॅलोरंट’ २०२० मध्ये पीसीवर आला आणि चार वर्षांनी कन्सोलवरही गेला, पण त्याच्या निर्मात्यांनी कन्सोलच्या आणि पीसीच्या खेळाडूंना एकमेकांसमोर उभंच केलं नाही. कारण उघड आहे. माऊस मनगटाच्या एका झटक्यात नेम जिथे हवा तिथे नेतो. कंट्रोलरवरची काडी अंगठ्याने ढकलून तेवढी अचूकता तेवढ्या वेळात साधत नाही. कॉलेजचे मित्र पीसीवर ‘व्हॅलोरंट’ खेळत असतील, तर कन्सोल घेणारा त्यांच्या टीममध्ये जाऊच शकत नाही. खरेदीनंतर लक्षात येणाऱ्या अडचणींतली ही सगळ्यात जिव्हारी लागणारी अडचण. मशीन नवं असतं, गेमही तोच असतो, पण सोबतीला कुणी नसतं.

स्ट्रॅटेजी गेमचीही तीच गोष्ट. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये खेळाडूला शंभरेक गावकऱ्यांना लाकूड, धान्य, सोनं अशा कामांवर पाठवायचं असतं आणि त्याच वेळी सैन्यही हलवायचं असतं. माऊसने चौकट ओढून दहा जण निवडले की क्षणात काम होतं. २०२३ मध्ये हा गेम एक्सबॉक्सवर आणताना निर्मात्यांना कंट्रोलरसाठी खास सोय करावी लागली. किती जणांनी शेती करायची, किती जणांनी लाकूड तोडायचं याचं प्रमाण खेळाडू ठरवतो आणि गावकऱ्यांची वाटणी गेम आपोआप करतो. सोय चांगली आहे, सोफ्यावर बसून खेळायला पुरेशी आहे. पण ज्याला एकेक गावकरी स्वतः हलवण्यात मजा वाटते, तो माऊसकडेच वळतो.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माऊस ज्यांना खरोखर लागतो, ते गेम बहुतांशी हलके असतात. जगभरातल्या साध्या कॉम्प्युटरवर चालावेत, म्हणून ते मुद्दाम तसे बनवलेले असतात. ‘व्हॅलोरंट’ची किमान अट सांगताना निर्मात्यांनी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डही मागितलेलं नाही, प्रोसेसरमधलं जुनं अंगभूत ग्राफिक्सही चालतं. सेकंदाला १४४ हून जास्त चित्रं हवी असतील, तर त्यांनी जीटीएक्स १०५० टीआय सुचवलं होतं, आणि ते कार्ड २०१६ सालचं आहे. याउलट, खरी ताकद खाणारे गेम म्हणजे पहिल्या गटातले भव्य कथानकवाले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ तर प्रकाशाचे किरण हिशेबात धरणारं, म्हणजे रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्ड नसेल, तर सुरूच होत नाही. आणि हे जड गेम कन्सोलवर कंट्रोलरने उत्तम खेळता येतात. थोडक्यात, ज्या गेमना पीसी लागतो त्यांना महागडा पीसी लागत नाही आणि ज्यांना महागडा पीसी लागतो त्यातले बरेचसे कन्सोलवर चालतात.

एक यादी घेऊन हे तपासता येईल. समजा, इंजिनिअरिंगला जाणाऱ्या एका मुलाने सहा नावं लिहिली: ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’, ‘ईए स्पोर्ट्स एफसी’, ‘क्रिकेट २४’, ‘व्हॅलोरंट’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’. यातला पहिला गेम कन्सोलकडे जातो. शेवटचे दोन कॉम्प्युटरकडे जातात. मधले तिन्ही दोन्हीकडे मिळतात, पण फुटबॉल आणि क्रिकेट घरात भावाबरोबर, टीव्हीसमोर बसून खेळायचे असतील तर पारडं कन्सोलकडे झुकतं.

आता खर्च. डिस्कवाला पीएस५ स्लिम भारतात एप्रिल २०२४ मध्ये ५४,९९० रुपयांना आला, डिस्क नसलेला ४४,९९० ला. टीव्ही घरात असतोच. त्या तोडीचा पीसी जुळवायचा तर २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० सारख्या मधल्या फळीतल्या ग्राफिक्स कार्डालाच तीस हजारांच्या आसपास जात होते. त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि मॉनिटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कितीही घासाघीस केली तरी आकडा कन्सोलच्या बराच वर जातो. पण या मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यावाच लागणार आहे. त्या साध्या लॅपटॉपवर यादीतले शेवटचे दोन गेम चालतात. त्यामुळे साधा लॅपटॉप आणि कन्सोल ही जोडी त्याच्या सहाही गेमना पुरते. एकट्या गेमिंग पीसीने मात्र यादीतलं पहिलंच नाव हुकतं.

कन्सोलच्या किमतीत नंतरचे खर्चही धरायला हवेत. एफसीसारखा विकतचा गेम प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायचा, तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते. पीसीवर ती नाही. मोफत मिळणाऱ्या गेमना प्लेस्टेशनवरही वर्गणी लागत नाही. दुसऱ्या बाजूला, कन्सोलची डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. पीसीवर घेतलेला गेम खात्याला जोडला जातो, तो विकता येत नाही. डिस्क नसलेला स्वस्त पीएस५ घेणाऱ्याने ही सोय आपण गमावतोय हे आधीच समजून घ्यावं.

मग महागडा गेमिंग पीसी कुणासाठी? ज्यांना गेम बदलायचा असतो त्यांच्यासाठी. २००६ सालचा ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ भारतातल्या अनेकांना आठवत असेल. कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा असा गेम काढला नाही, पण हौशी लोकांनी नव्या खेळाडूंची नावं, नव्या जर्सी, नवी मैदानं त्यात घालून तो वर्षानुवर्षं चालता ठेवला. या फेरफारांना मॉड म्हणतात आणि त्यांचं खरं घर पीसी आहे. ‘स्कायरिम’चे मॉड प्लेस्टेशन ४ वरही आले, पण बाहेरून बनवलेली चित्रं किंवा आवाज त्यात घालायला सोनीने परवानगी दिली नाही, त्यामुळे मोठे बदल पीसीपुरतेच राहिले. मोटारशर्यतीचा ‘असेटो कोर्सा’ हौशींनी बनवलेल्या ट्रॅकसाठी खेळला जातो. विमान उडवण्याच्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये रमणाऱ्यांना वेगवेगळी उपकरणं आणि जादा विमानं जोडायची असतात. अशी नावं यादीत वरच्या क्रमांकावर असतील, तर पैसे पीसीवरच घालावेत.

दोन्ही बाजूंना फसगतही होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला, तेव्हा सुरू होण्याआधीची तयारीच अनेकांकडे खूप वेळ चालायची आणि मग गेम बंद पडायचा. कन्सोलसाठी निर्माते मोजक्या मशीनवर चाचणी करतात, पीसीच्या मात्र असंख्य जुळण्या असतात, त्यामुळे असं घडतं. दुरुस्त्या पुढच्या काही आठवड्यांत होत गेल्या. उलट ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये चांगल्या पीसीवर त्या मानाने बरा चालला आणि जुन्या प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो परत आला. स्वस्तात मिळतो म्हणून वापरलेला पीएस४ घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ आणि ‘रॅग्नारोक’ त्यावर आजही चालतात, पुढचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ चालणार नाही.

घरात आधीच कॉम्प्युटर असेल, तर काही विकत घेण्याआधी त्याचीच परीक्षा घेता येते. ‘व्हॅलोरंट’ मोफत आहे, तो उतरवून घ्यावा आणि सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा पडद्यावर दिसेल असं करावं. गर्दीच्या चकमकीतही तो साठाच्या खाली जात नसेल, तर या गटासाठी नवं मशीन घ्यायची गरज नाही. जड गेमसाठी स्टीम या दुकानाचा नियम उपयोगी पडतो. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम तिथे परत करता येतो. त्या दोन तासांत गेम अडखळत असेल, तर पैसे परत घ्यावेत आणि तेव्हाच ग्राफिक्स कार्डाचा किंवा कन्सोलचा विचार करावा.