एकच प्रश्न, दोन परीक्षा

एका यादीत काही संख्या आहेत. त्यांतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज साठ होते, ते शोधा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू घेताना मी हा प्रश्न नेहमी विचारतो. शाळकरी वाटावा इतका सोपा आहे. पण सर्व्हिस कंपनीतही तो विचारला जातो आणि प्रॉडक्ट कंपनीतही. फरक आहे तो उत्तर आल्यानंतर काय होतं, यात. तो फरक न कळल्यामुळे हुशार मुलंसुद्धा चुकीच्या ठिकाणी महिने घालवतात.

टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांसारख्या सर्व्हिस कंपन्या दुसऱ्यांसाठी काम करतात. आज बँकेचा प्रोजेक्ट, उद्या विमा कंपनीचा. एका हंगामात त्या हजारोंनी फ्रेशर घेतात आणि भरतीच्या दिवशी तुम्ही कोणत्या क्लायंटकडे जाणार हे त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून आधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण. इन्फोसिसने तर त्यासाठी म्हैसूरला मोठं संकुलच उभारलं आहे. अशा कंपनीला तुम्हाला आज किती येतं यापेक्षा शिकवलेलं किती लवकर उचलाल आणि क्लायंटशी नीट बोलाल का, हे जाणून घ्यायचं असतं. त्यामुळे तिथे पहिली चाळणी लागते ती गणित, तर्क आणि इंग्रजीची.

प्रॉडक्ट कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकते. गूगल, चेन्नईची झोहो किंवा पुण्यात सुरू झालेली ड्रुवा ही त्याची उदाहरणं. जागा मोजक्या असतात, आणि तुम्ही लिहिलेला कोड थेट त्यांच्या मालात जातो. तो कोड लाखो नोंदींवर चालेल का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

आता पुन्हा आपल्या यादीकडे वळू. बहुतेक मुलं दोन लूप लिहितात: पहिली संख्या घ्या, पुढच्या प्रत्येक संख्येशी तिची बेरीज करून पाहा, मग दुसरी घ्या. उत्तर बरोबर येतं. सर्व्हिस कंपनीत फ्रेशरच्या नेहमीच्या जागेसाठी एवढं बहुधा पुरतं. मुलाखत घेणारा म्हणेल, ‘चार संख्या घ्या आणि हा कोड कागदावर चालवून दाखवा.’ इथे पाठ केलेला कोड लगेच उघडा पडतो. मग तो एसक्यूएलकडे वळेल आणि दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगेल. मुलं पगार उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलतात. सर्वाधिक पगार दोघांना असेल, तर दुसऱ्या ओळीतही तोच पगार येतो आणि उत्तर चुकतं. आधी सर्वांत मोठा पगार काढायचा आणि त्याहून कमी असलेल्यांतला मोठा शोधायचा. प्रश्न पायाभूतच असतात, फक्त समजून उत्तर द्यावं लागतं.

प्रॉडक्ट कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेत हेच दोन लूप पहिल्या काही टेस्ट केस पार करतात आणि नंतर अडकतात. पडद्यावर अक्षरं येतात: `Time Limit Exceeded`. कारण साधं आहे. यादी एक लाखाची असेल तर जोड्या होतात सुमारे पाचशे कोटी. सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया, हा ढोबळ हिशोब धरला तरी पन्नास सेकंद लागतील. वेळ मात्र सहसा एक-दोन सेकंदांचीच असते. तिथे विचारच बदलावा लागतो. समोर २५ आली तर आपल्याला हवी आहे ३५. मग आधी पाहिलेल्या संख्यांची नोंद ठेवली, तर ३५ येऊन गेली का, एवढंच विचारायचं उरतं.

```python
def jodi(yadi, berij):
    pahile = {}
    for i, n in enumerate(yadi):
        if berij - n in pahile:
            return pahile[berij - n], i
        pahile[n] = i
```

यादीवरून एकच फेरी झाली. पण मुलाखत इथे संपत नाही, खरं तर इथून ती सुरू होते. शेवटच्या दोन गोष्टींचा क्रम उलटा केला तर? म्हणजे आधी नोंद आणि मग शोध? यादीत एकच ३० असेल तरी ती स्वतःशीच जोडी जमवेल आणि उत्तर चुकेल. जोडी सापडलीच नाही तर हा कोड काय परत देतो? यादी आधीच चढत्या क्रमाने असेल तर ही जादा मेमरी वाचवता येईल का? (येते. एक बोट सुरुवातीला, एक शेवटाला ठेवायचं. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे.) उत्तर लगेच सुचलं नाही तरी चालतं. पण पाच मिनिटं गप्प बसलेल्या मुलाबद्दल मुलाखतकाराला काहीच कळत नाही. मोठ्याने विचार करण्याची सवय लावावीच लागते.

तयारीचा फरक यातूनच निघतो. सर्व्हिस कंपनीसाठी घड्याळ लावून ॲप्टिट्यूड सोडवा. ‘अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १५ दिवसांत, दोघे मिळून किती दिवसांत?’ अपूर्णांकांच्या मागे लागलात तर दोन मिनिटं जातात. एकूण काम ६० भाग धरा: अ रोज ५ करतो, ब ४, दोघे मिळून ९. उत्तर पावणेसातच्या जरा आत, म्हणजे सहा पूर्णांक दोन तृतीयांश दिवस. वीस सेकंदांचं काम. अनेक ठिकाणी प्रत्येक विभागाचा कट-ऑफ वेगळा असतो. गणितात पैकीच्या पैकी मिळवून इंग्रजीत अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर रोज एक उतारा मोठ्याने वाचून त्याचा सारांश इंग्रजीत बोलून पाहावा. पाया ठीक असेल तर यासाठी दीड-दोन महिने पुरतात.

प्रॉडक्ट कंपनीसाठी मात्र सहा महिने हाताशी हवेत, म्हणून ती तयारी तिसऱ्या वर्षीच सुरू करावी. किती प्रश्न सोडवले याचा आकडा फसवा असतो. सोडवलेला प्रश्न दहा दिवसांनी, जुनं उत्तर न बघता, कोऱ्या कागदावर पुन्हा उतरतो का ते पाहा. आणि प्रश्न वाचण्याआधी मर्यादा वाचा. यादी हजारापर्यंत असेल तर दोन लूप बहुधा चालतील. लाखावर गेली तर चालणार नाहीत. पद्धत निवडण्याचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

शेवटी एक धोक्याची जागा. कंपनीच्या नावावरून परीक्षा ठरवू नका. टीसीएसमध्येच निंजा, डिजिटल आणि प्राइम अशा वेगवेगळ्या जागा आहेत, आणि इन्फोसिसच्या स्पेशालिस्ट प्रोग्रामरची कोडिंग परीक्षा बरीचशी प्रॉडक्ट कंपनीच्या वळणावर जाते. पुण्याच्या पर्सिस्टंटने तर नाव कमावलं तेच दुसऱ्यांची प्रॉडक्ट्स बांधून देण्यात. तेव्हा जाहिरात हाती आली की आधी जागेचं नाव वाचा, मग परीक्षेतले विभाग पाहा, आणि मागच्या वर्षी त्याच जागेवर निवडल्या गेलेल्या आपल्या कॉलेजच्या सीनियरला गाठून एवढंच विचारा: ‘कोड लिहून झाल्यावर तुला पुढे काय विचारलं?’