वाटणी झाली, पॅन मात्र एकत्रच

हिंदू अविभक्त कुटुंबाच्या पॅनमधलं चौथं अक्षर 'H' असतं. वाटणीनंतर हा पॅन आपोआप बंद होत नाही. बँकेतल्या ठेवीला तो जोडलेला असेल तर व्याज त्याच्याच नावावर दिसत राहतं आणि मग एक दिवस विचारणा येते : एवढं उत्पन्न असताना विवरणपत्र का भरलं नाही?

एक कल्पित उदाहरण घेऊ. आई, वडील, मुलगा, मुलगी असं कुटुंब आहे आणि वडील कर्ते आहेत. कुटुंबाच्या नावावर १६ लाखांचं दुकान आणि ४८ लाखांची मुदत ठेव आहे. १ एप्रिल २०२२ रोजी वाटणीपत्र झालं. दुकान मुलाला मिळालं आणि ठेवीतले सोळा-सोळा लाख बाकी तिघांच्या वाट्याला आले. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बाप-लेकांत वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाएवढा हिस्सा मिळतो. म्हणजे हिशेब चोख होता. मात्र मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी मिळेल म्हणून ती तशीच ठेवली. सहा टक्क्यांनी २०२२-२३ चं व्याज २,८८,००० रुपये झालं. बँकेने कुटुंबाच्या पॅनवर २८,८०० रुपये टीडीएस कापला. तिघांनी आपापल्या विवरणपत्रात ९६ हजार दाखवले. कुटुंबाचं विवरणपत्र मात्र कुणीच भरलं नाही.

नोटीस आल्यावर पहिलं उत्तर सुचतं ते असं : 'कुटुंब विभक्त झालं आहे, वाटणीपत्र सोबत जोडलं आहे.' हे उत्तर अपुरं आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १७१ सांगतं, की ज्या कुटुंबाची आधी अविभक्त म्हणून आकारणी झाली आहे, ते वाटणीचा निष्कर्ष अधिकाऱ्याने नोंदवेपर्यंत करापुरतं अविभक्तच धरलं जातं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असला, तरी मागच्या वर्षांच्या नोटिशीला जुनी कलमंच लागतात. दावा आल्यावर अधिकारी सर्व सदस्यांना नोटीस देऊन चौकशी करतो आणि वाटणी झाली की नाही, कोणत्या तारखेला झाली, हे लिहितो.

या चौकशीत कागदापेक्षा मालमत्ता खरोखर वेगळी झाली का, हे पाहिलं जातं. जी वस्तू वाटता येते ती प्रत्यक्ष वाटलेली असावी लागते, नुसतं उत्पन्न वाटून घेणं पुरत नाही. दुकानासारखी वस्तू एकाला देऊन इतरांना दुसऱ्या मालमत्तेतून भरपाई केली तर चालतं. ठेव मात्र सहज वाटता येते आणि या कुटुंबात ती एकत्रच राहिली. शिवाय ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अंशतः वाटणी आयकर मानत नाही. म्हणजे ठेवीपायी दुकानासह सगळाच दावा अडू शकतो. माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक विवरणपत्राची नव्हे, ठेवीची आहे.

म्हणून उत्तरात जुन्या तारखेसाठी हट्ट धरू नये. आधी नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक आयकर पोर्टलवर तपासून नोटीस खरी असल्याची खात्री करावी. मग कुटुंबाच्या पॅनने लॉगिन करून `e-Proceedings` मध्ये मुदतीच्या आत उत्तर द्यावं. कागद जमवायला वेळ हवा असेल तर तिथेच मुदतवाढ मागता येते. गप्प राहिलं तर अधिकारी हाती असलेल्या माहितीवर आकारणी करतो. उत्तरात २,८८,००० रुपये कुटुंबाचं उत्पन्न म्हणून मान्य करावं, टीडीएस दाखवावा आणि सदस्यांनी हेच व्याज आपल्याकडे दाखवल्याचे पुरावे जोडून दुहेरी कर टाळण्याची विनंती करावी. जुन्या करप्रणालीत अडीच लाखांपुढच्या ३८ हजारांवर पाच टक्के म्हणजे १,९०० रुपये कर आणि ७६ रुपये उपकर होतो. व्यक्तीला मिळणारी कलम ८७अ ची सूट कुटुंबाला मिळत नाही. तरीही कापलेला टीडीएस या कराच्या कितीतरी पट आहे.

त्यानंतर ठेव मोडून तिघांच्या नावांवर, त्यांच्या पॅनवर तीन ठेवी कराव्यात. नव्या पावत्या, बँकेची पत्रं, दुकानाच्या नावबदलाचा उतारा आणि वाटणीपत्र जोडून ठेव फुटली त्या तारखेची संपूर्ण वाटणी नोंदवावी, अशी मागणी करावी. वाटणीत मालमत्ता मिळाली म्हणून भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मुलाने पुढे दुकान विकलं तर कुटुंबाने दिलेली मूळ किंमतच त्याची किंमत धरली जाते, म्हणून जुनं खरेदीखत त्याने जपून ठेवावं.

पॅन परत करण्याची घाई मात्र करू नये. निष्कर्षाचा आदेश हाती यावा, जुनी येणी-देणी मिटावीत, बँक आणि डिमॅट खाती रिकामी व्हावीत, मगच रद्द करण्याचा अर्ज द्यावा. वाटणीआधीच्या वर्षांचा कर त्यानंतर निघाला तर खाते तो कोणत्याही एका सदस्याकडून पूर्ण वसूल करू शकतं. म्हणून वाटणीपत्रात अशी देणी चौघांनी कोणत्या प्रमाणात सोसायची, हे कलम आधीच लिहून घ्यावं.