दहा चौकटी आणि चार देवगांडुळे : प्राण्यांची संख्या अंदाजताना पूर्वज्ञानाचं काय करायचं?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसमोर मी संख्याशास्त्राबद्दल बोलतोय, याचं काहींना नवल वाटेल. पण 'संभाव्यता म्हणजे नेमकं काय' हा प्रश्न आमच्याच अंगणातला आहे. त्याचं उत्तर तुम्ही काय देता, त्यावर तुमच्या प्रबंधातला आकडा बदलतो. आज एकच उदाहरण घेऊ, आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

सह्याद्रीत देवगांडूळ नावाचा एक बिनपायाचा उभयचर प्राणी आहे. तो बेडकांच्या नात्यातला, पण मातीत राहणारा. वरून दिसत नाही, खणावं लागतं. म्हणून पावसाळ्यात एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखायची, ठरावीक खोलीपर्यंत माती उकरायची आणि मोजायचं. समजा, तुम्ही एका डोंगरावर अशा दहा चौकटी खणल्या. सात रिकाम्या निघाल्या, दोनांत एकेक आणि एकीत दोन प्राणी सापडले. एकूण चार. आकडे मी फळ्यासाठी बनवलेले आहेत, बरं का. प्रत्यक्ष डोंगरावरचे नाहीत.

आता फ्रिक्वेंटिस्ट काय करेल? तो म्हणेल, चार भागिले दहा, म्हणजे दर चौकटीला ०.४ प्राणी. प्राणी जमिनीवर स्वैर विखुरलेले आहेत असं मानलं, म्हणजे पॉयसाँ वितरण धरलं, तर ९५ टक्के विश्वास-अंतराल येतं ०.११ ते १.०२. केवढं रुंद! खालच्या टोकाला शंभर चौकटींत अकरा प्राणी, वरच्या टोकाला एकशे दोन.

इथे एक क्षण थांबा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. 'खरी घनता ०.११ ते १.०२ मध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के' असं या अंतरालाचं वाचन सर्रास होतं. नेमानने १९३७ साली हे अंतराल मांडलं तेव्हा त्याचा अर्थ असा नव्हता. फ्रिक्वेंटिस्टाच्या लेखी खरी घनता ही एक स्थिर गोष्ट आहे; ती एक तर या अंतरालात आहे किंवा नाही. ९५ टक्के हा गुण आहे पद्धतीचा. हीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली, तर शंभरातली किमान पंचाण्णव अंतरालं खऱ्या मूल्याला पकडतील, एवढंच तिचं वचन. तुमच्या हातातल्या या एका अंतरालाबद्दल ती काहीच बोलत नाही.

विद्यार्थ्याला मात्र नेमकं तेच विचारायचं असतं: या डोंगरावर, या दहा चौकटींनंतर, मी काय मानावं? या प्रश्नाला बेझियन पद्धत सरळ उत्तर देते. तिची किंमत अशी की, खणण्याआधी तुम्ही काय मानत होता तेही सांगावं लागतं. ते पूर्वज्ञान, म्हणजे प्रायर.

समजा, शेजारच्या डोंगरावर आधी कुणीतरी चाळीस चौकटी खणल्या होत्या आणि चाळीस प्राणी मिळाले होते. म्हणजे दर चौकटीला एक. हे ज्ञान टाकून द्यायचं का? पण डोंगर वेगळा आहे, माती वेगळी असू शकते, म्हणून ते पूर्ण वजनानेही घेता येत नाही. आपण त्याला एक अष्टमांश वजन देऊ: जणू पाच चौकटींत पाच प्राणी. गणिताच्या भाषेत हा गॅमा प्रायर झाला, ज्याचे दोन आकडे ५ आणि ५. खणण्याआधीच तो सांगतो की घनता साधारण ०.३२ ते २.०५ च्या दरम्यान असावी. म्हणजे फार हट्टी प्रायर नाही.

पुढचं गणित इतकं सोपं आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. पॉयसाँ आणि गॅमा यांची जोडी जमते, म्हणून नुसती बेरीज करायची. पाच प्राणी अधिक चार, नऊ. पाच चौकटी अधिक दहा, पंधरा. नऊ भागिले पंधरा, ०.६. हीच खणल्यानंतरची सरासरी. अंतराल हवं असेल तर आर मध्ये एक ओळ:

```
qgamma(c(0.025, 0.975), shape = 9, rate = 15)
```

उत्तर येतं ०.२७ ते १.०५. खालचं टोक बरंच वर आलं, आणि आता 'घनता यात असण्याची संभाव्यता ९५ टक्के' असं म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अट एकच, प्रायर मान्य असला पाहिजे.

मग कुणीतरी विचारतोच: 'सर, एक अष्टमांशच का?' प्रश्न अगदी रास्त आहे. पूर्ण वजन दिलं असतं तर पन्नास चौकटींत चव्वेचाळीस प्राणी, म्हणजे ०.८८ आलं असतं, आणि तुमच्या दहा चौकटींचा आवाजच ऐकू आला नसता. शून्य वजन दिलं तर पुन्हा ०.४. तेव्हा प्रबंधात तिन्ही आकडे छापावेत, आणि अष्टमांश का घेतला हे खणण्यापूर्वीच्या वहीत लिहिलेलं असावं. निकाल पाहून प्रायर निवडणं म्हणजे उत्तर पाहून प्रश्न लिहिणं.

प्रायर चुकलाय हे ओळखता येतं का? बऱ्याचदा येतं. समजा, दहाही चौकटी रिकाम्या निघाल्या. फ्रिक्वेंटिस्टाचा अंदाज शून्य, आणि प्रमाणत्रुटीसुद्धा शून्य, हे तर हास्यास्पदच. अर्थात शहाणा फ्रिक्वेंटिस्ट तिथे थांबत नाही. तो वरची मर्यादा सांगतो, साधारण तीन भागिले दहा, म्हणजे ०.३. बेझियनाचं उत्तर पाच भागिले पंधरा, ०.३३. दिसायला समंजस. पण आता प्रायरलाच विचारा: तू खरा असशील तर दहा रिकाम्या चौकटी मिळण्याची शक्यता किती? एक तृतीयांशाचा पाचवा घात, म्हणजे २४३ मध्ये एक. इतकी दुर्मीळ गोष्ट घडली, तर शेजारचा डोंगर हा या डोंगराचा साक्षीदार नाही असंच समजायचं. आपल्या मूळ उदाहरणात चार किंवा त्याहून कमी प्राणी मिळण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होती, तिथे घाबरण्याचं कारण नव्हतं. ही तपासणी न करता ०.३३ छापणारा बेझियन मला त्या शून्यवाल्यापेक्षा अधिक धोकादायक वाटतो, कारण त्याचा आकडा पाहून कुणाला शंका येत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही हाताबाहेरची आहे. आपण मोजले ते सापडलेले प्राणी, असलेले नव्हेत. निम्मेच सापडत असतील, तर ०.६ चे खरे १.२ होतात, आणि दोन्ही पद्धती सारख्याच शांतपणे चुकतात. नुसत्या चौकटी वाढवून हे सुटत नाही. त्याच चौकटीची माती दुसऱ्यांदा चाळावी लागते. पहिल्या फेरीत सगळ्या चौकटी मिळून तीन आणि दुसरीत एक सापडला असेल, तर पहिल्या आकड्याचा वर्ग भागिले दोन्ही आकड्यांतला फरक, म्हणजे नऊ भागिले दोन, साडेचार प्राणी मुळात होते असा अंदाज निघतो. पण दोन्ही फेऱ्यांत दोन-दोन सापडले की भाजक शून्य होतो आणि सूत्र हात टेकतं. तिथे, एका फेरीत किती टक्के प्राणी हाती लागतात याचं आधीचं ज्ञान प्रायर म्हणून घातलं, तर उत्तर निघतं. ते ज्ञान मिळवायला मात्र कुणीतरी कुठेतरी, प्राण्यांची संख्या आधीच ठाऊक असलेली माती उकरून पाहिलेली हवी.