श्रावणातले पहिले तीन दिवस

आषाढ अमावास्येच्या रात्री शेवटचं बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, असा नेम पाळणारी माणसं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतात. काहींचा नेम गणपती उठेपर्यंत लांबतो. त्यांना पिण्यावरून कुणी टोकलं की उत्तर तयार असतं : "व्यसन असतं तर श्रावण पाळता आला असता का?" माझा एक मित्र कित्येक वर्षं हेच सांगत आला, आणि मलाही ते पटायचं.

आता पटत नाही. दारूवर शरीर अवलंबून असलेली माणसंही काही आठवडे, काही महिने थांबू शकतात. घरात सगळेच पाळणूक करत असतील आणि सुटकेची तारीख कॅलेंडरवर दिसत असेल, तर थांबणं आणखी सोपं जातं. म्हणून महिना पार पडला एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. पहिले तीन दिवस कसे गेले, त्यावरून मात्र बरंच कळतं.

मित्राचा गेल्या वर्षीचा श्रावण मी जवळून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी चहा घेत होतो. त्याच्या हातातला कप बशीवर बारीक किणकिणत होता. त्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा दोन्ही हातांनी उचलला. तळहात ओले होते. रात्री झोपच लागली नाही, म्हणाला. उपवासाने पित्त झालं असेल. पोरावर दोनदा विनाकारण खेकसला. पाचव्या दिवशी सगळं ठीक झालं आणि आपण श्रावण पाळतोय याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर परत आलं.

ते पित्त नव्हतं. दारू मेंदूला शांत करते. ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मिळत राहिली की मेंदू त्या गुंगीवर मात करायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. एके दिवशी दारू मिळाली नाही की गुंगी जाते, वाढवलेली उत्तेजना तेवढी मागे उरते. हाताची थरथर, घाम, धडधड, चिडचिड, उडालेली झोप ही सगळी तिचीच रूपं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत ती सुरू होतात आणि साधारण दोन-तीन दिवस टिकतात. काही जणांना याची चुणूक रोजच मिळत असते. अकराला गाढ झोपलेला माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो, छातीत धडधडतं, बनियन घामाने भिजलेलं असतं. त्याला वाटतं, कामाचा ताण आहे.

"आपल्याला चढत नाही" या वाक्याचं मूळही इथेच आहे. आपल्याकडे ते कौतुकाने बोललं जातं, ऐकणारेही मान डोलावतात. पूर्वी दोन पेगांत जे वाटायचं त्याला आता चार लागतात, याचा अर्थ मेंदूने जुळवून घेतलं आहे, इतकाच. यकृतापर्यंत चारही पेग पोहोचतात. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम दारू निकाली काढतं; माणसाला चढली की नाही, यावर ते अवलंबून नसतं. रात्री अकरापर्यंत घेतलेली क्वार्टर सकाळी ऑफिसला गाडी काढताना रक्तात शिल्लक असू शकते, ती यामुळेच.

मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, दोनच तर पेग घेतो मी." तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला त्याच्या नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखा पेग ओतायला लावला, फक्त बाटलीत पाणी भरून. मग ते पाणी खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलं. नव्वद मिली भरलं. बारमध्ये तीस मिलीला स्मॉल आणि साठ मिलीला लार्ज म्हणतात. घरी बर्फावर अंदाजाने ओतलेला पेग वर्षावर्षाने वाढत जातो आणि आकडा मात्र दोनच राहतो. त्याचे दोन पेग म्हणजे रोजची एक क्वार्टर होती.

तीस मिली व्हिस्की किंवा रममध्ये सुमारे दहा ग्रॅम शुद्ध दारू असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या दहा प्रश्नांच्या चाचणीत हेच एक माप धरतात. बीअर पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत अशी चार मापं भरतात. चाचणीत एकूण चाळीस गुण असतात. आठ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलं, असं मानतात.

पहिले तीन प्रश्न आम्ही दोनदा सोडवले. किती वेळा पिता? आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा : चार गुण. एका दिवशी किती मापं? त्याच्या हिशेबाने दोन, म्हणजे शून्य गुण. एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं किती वेळा? कधीच नाही, पुन्हा शून्य. एकूण चार, काळजीचं कारण नाही. मग मापाने मोजून तेच प्रश्न घेतले. वारंवारतेचे चार तसेच राहिले. दिवसाला सहा मापं, त्याचे दोन. सहाची बैठक जवळजवळ रोज, त्याचे चार. तीन प्रश्नांतच दहा झाले. स्वतःची चाचणी घेणाऱ्याने आधी ग्लास मोजावा, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

पुढचे प्रश्न आकड्यांचे नाहीत. सुरू केल्यावर ठरवल्या जागी थांबता आलं नाही, असं झालं का? सकाळी उतारा लागतो का? उतारा हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो. पण सकाळच्या घोटाने हाताची थरथर थांबत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून राहू लागलं आहे, असंच समजावं.

अशा माणसाने, आणि रोज बरीच पिणाऱ्या कुणीही, अमावास्येला ठरवून एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप येणं असं झालं तर जिवाला धोका असतो. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावं. बंद करण्याआधीच डॉक्टरांना रोजचं खरं माप सांगितलं, तर काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. कुणाला विचारावं हे सुचत नसेल तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण आहे. मित्र मानसोपचार डॉक्टरांकडे गेला, तो यंदाच्या श्रावणाच्या महिनाभर आधी.

त्याआधी दहावा प्रश्न राहिला होता : तुमच्या पिण्याबद्दल घरच्यांनी, मित्राने किंवा डॉक्टरांनी कधी काळजी व्यक्त केली आहे का? त्याने "नाही" लिहिलं. वहिनी पलीकडे भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊबिजेच्या रात्री तासभर बोलत होते मी तुमच्याशी. तुम्ही हो हो म्हणत होतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला ती रात्र आठवत नव्हती.