टायटल काय म्हणते, डिस्क्रिप्शन काय देते

यूट्यूबवर ‘सातबारा उतारा’ एवढेच शब्द टाकून पाहा. वरच्या निकालांमध्ये तीन-चार शब्द पुन्हा पुन्हा दिसतील: ‘मोबाईलवर’, ‘घरबसल्या’, ‘2 मिनिटांत’, ‘नवीन पद्धत’. इतके व्हिडिओ असताना आणखी एक करायचा असेल, तर पहिला प्रश्न हा की या सगळ्यांनी मिळून काय सांगायचे ठेवले आहे? त्याचे बरेचसे उत्तर व्हिडिओ न पाहताही मिळते. टायटल आणि डिस्क्रिप्शन नीट वाचायला बसावे लागते, एवढेच.

टायटल हे प्रेक्षकाला दिलेले वचन असते. डिस्क्रिप्शन, आणि त्यातही वेळेनुसार दिलेले टप्पे, म्हणजे प्रत्यक्ष काय दिले त्याची नोंद. नव्या व्हिडिओसाठी मोकळी जागा बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या अंतरात सापडते. फक्त टायटल पाहून ‘हा शब्द कुणी वापरलेला नाही’ असे ठरवणारा माणूस हमखास फसतो.

सातबाऱ्याचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. सुरुवातीला शोधाचे शब्द ठरवावेत. आपले लोक एकच गोष्ट चार प्रकारे टाइप करतात: ‘सातबारा’, ‘7/12’, ‘satbara utara’, ‘7 12 kasa kadhava’. या प्रत्येक शब्दाला निकाल वेगळे येतात, म्हणून चारही वेगवेगळे शोधावेत. शोध इन्कॉग्निटो खिडकीत करावा. आपल्या नेहमीच्या खात्यातून शोधले तर आपण आधी काय पाहिले त्याचा परिणाम निकालांवर होतो आणि आपल्याच आवडीचे चॅनेल वर येतात. शॉर्ट्स बाजूला ठेवून पहिले पंधरा-वीस व्हिडिओ घ्यावेत. त्याखाली गेल्यास निकाल विषयापासून भरकटू लागतात, आणि ते कुठे भरकटतात हेही लिहून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होतो.

आता वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक टायटलचे तुकडे करायचे. काम कोणते (काढणे, पाहणे, दुरुस्त करणे), कुणासाठी (शेतकरी, वारस, जमीन घेणारा), वचन कोणते (फुकट, दोन मिनिटांत, घरबसल्या) आणि वर्ष कोणते. हे रकाने भरू लागले की चित्र पटकन स्पष्ट होते. कामाच्या रकान्यात ‘काढणे’ एका खाली एक येत जाते. ‘कुणासाठी’चा रकाना जवळजवळ रिकामाच राहतो. वर्षाच्या रकान्याजवळ मात्र थोडे थांबायला हवे. टायटल नंतर कधीही बदलता येते, अपलोडची तारीख बदलता येत नाही. डिस्क्रिप्शन उघडले की खरी तारीख दिसते. टायटलमध्ये चालू वर्ष आणि तारीख मात्र तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या व्हिडिओत दिसणारा महाभूलेखचा पडदा आजच्या पडद्याशी जुळतो का, हे पाहावे. जुळत नसेल तर वर असलेला तो व्हिडिओ प्रेक्षकाला अर्ध्या वाटेवर सोडतो. ही झाली पहिल्या प्रकारची मोकळी जागा. ती भरायला सोपी असते, आणि संकेतस्थळाचे रूप पुन्हा बदलले की तितक्याच लवकर जाते.

दुसऱ्या प्रकारची जागा डिस्क्रिप्शनमध्ये सापडते. ते पूर्ण उघडून वाचावे, कारण निकालांच्या यादीत त्याचा छोटासा तुकडाच दिसतो. यूट्यूब डिस्क्रिप्शनला 5000 अक्षरांची मुभा देते, पण त्यात बरेचदा पहिल्या ओळीत टायटलच पुन्हा लिहिलेले असते, मग सबस्क्राइब करण्याची विनंती, मग हॅशटॅगची रांग. अशा डिस्क्रिप्शनवरून व्हिडिओत काय आहे ते कळत नाही, तेव्हा मधले दोन-तीन भाग प्रत्यक्ष पाहावे लागतात. ज्यांनी टप्पे दिले आहेत त्यांचे काम सोपे असते. समजा एका दहा मिनिटांच्या व्हिडिओचे टप्पे असे आहेत:

```
00:00 सुरुवात
01:10 सातबारा म्हणजे काय
04:30 विभाग, जिल्हा, गाव निवडा
07:50 डाउनलोड
```

यावरून दोन गोष्टी कळतात. टायटलमध्ये ‘2 मिनिटांत’ असले तरी खरे काम साडेचार मिनिटांनी सुरू होते. आणि डाउनलोड झाल्यावर पुढे काहीच नाही. महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कोर्टात चालणारा, डिजिटल सहीचा उतारा वेगळ्या पोर्टलवर 15 रुपये भरून मिळतो. ‘फुकट’ हे वचन देणाऱ्या व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये हा फरक लिहिला आहे का, हे तपासावे. नसेल, तर तो उतारा घेऊन बँकेत गेलेला माणूस परत येऊन पुन्हा शोधणार आहे, आणि या वेळी वेगळे शब्द टाकणार आहे.

हा परत शोधायला येणारा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उतारा काढल्यावर त्याच्या हाती काय येते? कधी नावात चूक, कधी क्षेत्रात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ‘बाळकृष्ण’ होते, संगणकावर ‘बाळासाहेब’ झाले. क्षेत्र 1 हेक्टर 20 आर होते, ते 1 हेक्टर 2 आर झाले. मग तो ‘सातबारा दुरुस्ती’ शोधतो.

या शब्दांवरही व्हिडिओ आहेत, म्हणून ही जागा भरलेली आहे असे लगेच मानू नये. त्यांना पुन्हा तीच फूटपट्टी लावावी. ‘कलम 155’ टायटलमध्ये असेल, कारण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधले हेच कलम लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे आहे. पण डिस्क्रिप्शनमध्ये पुढच्या दोन गोष्टी सापडतात का ते शोधावे. एक, अर्जाला कोणते कागद जोडायचे: चुकीच्या आधीचे हस्तलिखित सातबारे, संबंधित फेरफार आणि ते कुठे मिळतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात, की त्या जिल्ह्याचे जुने अभिलेख स्कॅन झाले असतील तर आपले अभिलेख पोर्टलवर. दोन, कलम 155 कुठे चालत नाही. भावाने वारस नोंदीत आपले नाव वगळले, तर तो लेखनप्रमाद नव्हे, हक्काचा वाद आहे. तिथे त्या फेरफाराविरुद्ध अपिलाचा रस्ता असतो. ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली हे दोन्ही प्रेक्षक येतात आणि दोघांना एकच व्हिडिओ दाखवला जातो. वरच्या व्हिडिओंच्या टप्प्यांत हा फरक सापडला नाही, तर आपल्याला नेमकी जागा मिळाली: हस्तलिखितात बरोबर आणि ऑनलाइनमध्ये चूक, अशा माणसासाठी अर्ज आणि कागद.

आता ही जागा खरोखर कुणाला हवी आहे का, ते पाहायला हवे. कुणी केले नाही याचे कारण कुणी विचारतच नाही, हेही असू शकते. शोधपेटीत ‘सातबारा द’, ‘सातबारा नाव’, ‘satbara madhe’ अशी अक्षरे एकेक करून टाकावीत आणि खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्याव्यात. त्या लोकांच्या शोधांवरूनच तयार होतात. गूगल ट्रेंड्समध्ये ‘यूट्यूब सर्च’ निवडून राज्य महाराष्ट्र ठेवता येते, पण तिथले 0 ते 100 हे आकडे तुलनात्मक असतात, शोधांची संख्या नव्हे. अगदी बारीक विषयासाठी तर आलेख रिकामाच येतो. रिकामा आलेख म्हणजे मागणी शून्य, असे समजू नये.

आणखी एक खूण मला या दोन्हींपेक्षा भरवशाची वाटते. पूर्ण प्रश्न टाकावा: ‘ऑनलाइन सातबारा नावात चूक कागदपत्रे’. तिसऱ्या-चौथ्या निकालापासूनच पुन्हा ‘घरबसल्या काढा’चे व्हिडिओ येऊ लागले, तर या प्रश्नाचे उत्तर देणारे व्हिडिओ कमी आहेत. त्या मोजक्यांपैकी एखादा लहान चॅनेलचा असेल आणि त्याला त्याच चॅनेलच्या इतर व्हिडिओंपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिले असेल, तर मागणीही आहे.

या पद्धतीची मर्यादा ध्यानात ठेवावी. वर असलेला व्हिडिओ टायटलमुळेच वर आहे, असे नसते. यूट्यूब शोधाचे शब्द टायटल, डिस्क्रिप्शन आणि व्हिडिओतील मजकुराशी जुळतात का ते पाहते, पण त्याच शोधावरून आलेले लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात हेही पाहते. टॅगचा वाटा यात फार थोडा असतो. म्हणून वरच्या व्हिडिओचे टायटल उचलून थोडे बदलले की आपणही वर जाऊ, हा हिशेब चुकतो. आणि व्हिडिओत नसलेली गोष्ट टायटलमध्ये टाकणे हे तर यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे.

आपले टायटल लिहिताना जागा सांगणारे शब्द पुढे आणावेत. मर्यादा 100 अक्षरांची असली तरी फोनवर लांब टायटलचा शेवट कापला जातो. ‘सातबारा दुरुस्ती कशी करावी संपूर्ण माहिती मराठी’ यातून आपल्या माणसाला काहीच ओळखू येत नाही. ‘ऑनलाइन सातबाऱ्यात नाव चुकले? कलम 155 चा अर्ज आणि कागद’ हे वाचून त्याला आपलाच प्रश्न दिसतो. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत हा व्हिडिओ कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, ते लिहावे. त्याखाली कागदांची यादी, आणि रोमन लिपीत शोधणाऱ्यांसाठी एका सरळ वाक्यात ‘satbara durusti’ हे शब्द. मग टप्पे द्यावेत. पहिला 00:00 चा हवा, निदान तीन हवेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा, नाहीतर यूट्यूब त्यांचे भाग पाडत नाही.

अपलोडनंतर काही आठवड्यांनी स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये यूट्यूब सर्चमधून आलेल्यांचे शब्द पाहावेत. तिथे ‘चूक’, ‘155’, ‘नाव दुरुस्ती’ असे शब्द दिसले तर आपली जागा खरी होती. नुसते ‘सातबारा’ दिसत असेल आणि लोक पहिल्याच मिनिटात निघून जात असतील, तर टायटल चुकीच्या माणसाला बोलावत आहे. व्हिडिओ काढून न टाकता आधी टायटल बदलावे.

जागा सापडली म्हणून ती कुणीही भरावी, असे मात्र नाही. वीस डिस्क्रिप्शन वाचून काय नाही ते कळते. ते काय आहे, हे तहसीलच्या खिडकीवर उभे राहिलेल्यालाच माहीत असते. ज्यांनी कलम 155 चा अर्ज स्वतः केला आहे, ज्यांनी असे अर्ज महसूल खात्यात हाताळले आहेत, किंवा जे गावच्या सेवा केंद्रात ते रोज भरून देतात, त्यांनी हा व्हिडिओ करावा.